चुकलं की गिटार गप्प

त्या गिटारला तारा नव्हत्या. मानेवर पाच बटणं होती: हिरवं, लाल, पिवळं, निळं आणि केशरी. जिथे उजव्या हाताने तारा छेडायच्या, तिथे वरखाली हलणारी एक आडवी पट्टी, आणि तिच्या शेजारी सूर वाकवण्यासाठी एक बारकी दांडी. आकार गिब्सन कंपनीच्या प्रसिद्ध एसजी गिटारचा, माप मात्र शाळकरी मुलाच्या हातात मावेल एवढं. नोव्हेंबर २००५मध्ये अमेरिकेत ‘गिटार हीरो’ हा खेळ प्लेस्टेशन-२साठी बाजारात आला, तेव्हा तबकडीसोबत खोक्यातून ही प्लास्टिकची गिटार निघायची. टीव्हीचा आवाज बंद ठेवून कुणी खेळत असेल, तर खोलीत ऐकू येई फक्त टक-टक, टकाटक. एकेकाळच्या टायपिंग क्लासच्या दारावरून गेल्यासारखं.

आणि या टकटकीतून बारा-पंधरा वर्षांची मुलं कुठली गाणी शिकत होती? डीप पर्पल, ब्लॅक सॅबाथ, क्वीन, बॉस्टन यांची. म्हणजे बहुतेक त्यांच्या आईवडिलांच्या तरुणपणातली. ही गाणी तोवर काही हरवलेली नव्हती. अमेरिकेत जुनं रॉक चोवीस तास वाजवणारी रेडिओ केंद्रं होती, चित्रपटांत आणि जाहिरातींत ही गाणी येत होतीच. ती कानांवरून जात होती, कानांत शिरत नव्हती. खेळाने ती आत कशी शिरवली, हे समजायचं तर त्याच्या रचनेतली एक साधीशी युक्ती समजून घ्यावी लागते.

पडद्यावर गिटारच्या मानेसारखा एक लांब रस्ता दिसतो आणि त्यावरून रंगीत गोल ठिपके आपल्याकडे सरकत येतात. ठिपका खालच्या रेषेवर पोहोचला की डाव्या हाताने त्या रंगाचं बटण धरायचं आणि त्याच क्षणी उजव्या हाताने पट्टी हलवायची. जमलं तर गाण्यातली गिटार वाजते. चुकलं तर ती तेवढ्यापुरती गप्प होते. ड्रम चालू, गायक चालू, बास चालू. मधे फक्त एक भोक पडतं. लागोपाठ चुकलात तर प्रेक्षक ओरडतात आणि गाणं बंद पडतं.

आपल्याकडे कराओके मंडळं गावोगाव आहेत, त्यामुळे ‘मायनस ट्रॅक’ काय असतो हे सांगायला नको. गायकाचा आवाज काढून टाकलेला असतो आणि ती जागा आपण भरतो. ‘गिटार हीरो’चं नातं कराओकेशी आहे, पण दिशा उलटी. इथे मूळ वादकाची गिटार काढून टाकलेली नसते, तिला फक्त कुलूप असतं आणि किल्ली खेळणाऱ्याच्या हातात. तुम्ही वेळेवर किल्ली फिरवलीत की आवाज निघतो तो तुमचा नव्हे, अस्सल वादकाचा. म्हणून बेसूर व्हायची भीती नाही. मात्र गिटार या गाण्यात नेमकी कुठे आहे आणि ती नसली की गाणं कसं लंगडं होतं, हे मुलाला दर दोन सेकंदांनी कळत राहतं. एरवी सामान्य श्रोता गाणं ऐकतो म्हणजे शब्द आणि चाल ऐकतो. बासची ओळ वेगळी काढून ऐकणं हे वादकांचं काम. या खेळाने ते काम खेळता खेळता लाखो मुलांकडून करून घेतलं, तेही एकेका गाण्यासाठी तीस-चाळीस वेळा, कारण तेवढ्यांदा हरल्याशिवाय गाणं जिंकता येत नसे.

ही कल्पना आकाशातून पडली नव्हती. जपानच्या कोनामी कंपनीने नव्वदच्या दशकाच्या शेवटी तीन बटणांची गिटार असलेला ‘गिटारफ्रीक्स’ हा खेळ तिथल्या गेम पार्लरमध्ये आणला होता. अमेरिकेत केंब्रिजमधल्या हार्मोनिक्स कंपनीचे संस्थापक अ‍ॅलेक्स रिगोपुलोस आणि एरान एगोझी एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये भेटले होते. ज्यांना वाद्य येत नाही त्यांना वाजवण्याचा अनुभव द्यायचा, या एकाच ध्यासाने त्यांनी १९९५मध्ये कंपनी काढली आणि पुढची दहा वर्षं वाहवा मिळवणारे पण न खपणारे खेळ केले. कॅलिफोर्नियातली रेडऑक्टेन ही हुआंग बंधूंची कंपनी नाचाच्या खेळांसाठी पायाखाली घालायच्या चटया विकत होती. तिला गिटार विकायची होती, पण त्या गिटारवर खेळायला खेळ हवा होता. दोघांचं जुळलं. खर्चाचा अंदाज सुमारे दहा लाख डॉलरचा, म्हणजे त्या धंद्यात चिल्लरच.

आता एक गाणं घेऊन आत शिरू. पहिल्याच खेळात डीप पर्पलचं १९७२ सालचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ होतं. त्याच्या सुरुवातीचा गिटारचा तुकडा, ज्याला ‘रिफ’ म्हणतात, तो जगातल्या प्रत्येक गिटारच्या दुकानात कुणी ना कुणी वाजवत असतो. आपल्या सरगमीत मांडला तर असा: सा, कोमल ग, म, सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म, पुन्हा सा, कोमल ग, म, आणि उतरताना कोमल ग, सा. एकूण बारा ठोके, स्वर चारच. रिची ब्लॅकमोर तो वाजवताना एकेक स्वर सुटा न काढता प्रत्येक वेळी दोन तारा एकत्र छेडतो, म्हणून तो एवढा भरीव वाटतो.

हे पाच बटणांवर बसवायचं काम यंत्राने झालं नाही. हार्मोनिक्समध्ये त्यासाठी माणसं होती आणि त्यातली बरीच स्वतः बँडमध्ये वाजवणारी होती. त्यांचा नियम साधा: हिरवं बटण म्हणजे षड्ज असं काही ठरलेलं नाही, स्वर चढला की बोट केशरीकडे सरकलं पाहिजे आणि उतरला की हिरव्याकडे. बटणं स्वर दाखवत नाहीत, चढ-उतार दाखवतात. चाल पाच बटणांच्या पलीकडे चढली की पुन्हा अलीकडच्या बटणावर यायचं, पण ऐकणाऱ्याला खटकणार नाही अशा जागी. सर्वांत सोप्या पातळीवर तीनच बटणं वापरायची आणि मोजकेच ठोके ठेवायचे. मधल्या पातळीवर चार. त्यापुढे पाचही. शेवटच्या, म्हणजे ‘एक्स्पर्ट’ पातळीवर वादकाने वाजवलेला जवळजवळ प्रत्येक ठोका पडद्यावर येतो, आणि जिथे त्याने दोन तारा एकत्र छेडल्या तिथे दोन बटणं एकत्र धरावी लागतात. त्यामुळे खेळणारं पोर तेच गाणं चार वेळा शिकतं आणि दर वेळी त्याला त्यात काहीतरी नवं ऐकू येतं: आधी ताल, मग चाल, मग भरणा. एखादा गुरुजी बंदिश आधी विलंबित शिकवतो, तसंच काहीसं. (मी स्वतः एकदा ही गिटार गळ्यात अडकवली होती. तबला थोडाफार येतो म्हणून लय जमेल असा माझा समज होता. सोप्या पातळीवर, तीन बटणांवर, दीड मिनिटात प्रेक्षकांनी मला हाकलून दिलं. बाजूला उभा असलेला नऊ वर्षांचा मुलगा फार सभ्यपणे दुसरीकडे बघत होता.)

पण पहिल्या खेळात मुलांनी ऐकलेलं ‘स्मोक ऑन द वॉटर’ डीप पर्पलने वाजवलेलं नव्हतंच. इथे पैशाची गोष्ट येते.

कुठल्याही ध्वनिमुद्रित गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. तो गीतकार-संगीतकार आणि त्यांच्या प्रकाशकाकडे. दुसरा मूळ ध्वनिमुद्रणाचा, ज्याला ‘मास्टर’ म्हणतात. तो बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत रफी-मुकेशची गाणी दुसऱ्याच गायकांच्या आवाजात ‘व्हर्जन’ म्हणून कॅसेटवर मिळायची, ते आठवत असेल तर हा फरक लगेच कळेल: गाणं तेच, ध्वनिमुद्रण वेगळं. दहा लाखांच्या खर्चात हार्मोनिक्सला मास्टर परवडणारे नव्हते आणि एका अनोळखी खेळण्याच्या कंपनीला ते द्यायला रेकॉर्ड कंपन्याही उत्सुक नव्हत्या. मग फक्त रचनेचा हक्क घेतला आणि कॅलिफोर्नियातल्या वेव्हग्रुप या स्टुडिओकडून गाणी नव्याने वाजवून घेतली. त्यातल्या बऱ्याच गाण्यांतली मुख्य गिटार मार्कस हेंडरसन या एकाच वादकाने वाजवली होती. ब्लॅकमोर असो वा टोनी आयोमी, ज्याचं गाणं त्याचा हात त्याला आणावा लागला. खेळात गाण्याच्या नावाखाली ‘अमक्याने गाजवलेलं’ अशी ओळ असायची. चलाख मुलं तिचा अर्थ ओळखत.

नव्याने वाजवण्याचा एक फायदा होता, आणि तो केवळ पैशाचा नव्हता. गिटार चुकल्यावर गप्प करायची, तर ती बाकीच्या वाद्यांपासून वेगळी हातात असायला हवी. स्टुडिओत ताज्या मुद्रणात प्रत्येक वाद्य स्वतंत्र ट्रॅकवर असतं. आपण विकत घेतो त्या सीडीवर मात्र सगळं डाव्या-उजव्या अशा दोन ट्रॅकमध्ये कालवलेलं असतं. शिजलेल्या खिचडीतून मूगडाळ परत वेचून काढण्यासारखं ते काम. म्हणजे खेळाला मास्टर वापरायचा असेल, तर नुसती कागदावर परवानगी पुरत नाही. कालवण्याआधीची मूळ बहुट्रॅक टेप लागते.

पहिला आणि दुसरा खेळ तुफान चालल्यावर रेकॉर्ड कंपन्यांचा सूर बदलला आणि ही टेपांची शोधाशोध सुरू झाली. तीस-पस्तीस वर्षं गोदामात पडलेली दोन इंच रुंदीची रिळं. सत्तरच्या दशकातल्या काही टेपांवरचा चिकटा हवेतल्या ओलाव्याने मऊ पडतो. तशीच यंत्रावर चढवली तर लेप खरवडून निघतो आणि गाणं कायमचं जातं. अशी टेप आधी मंद उष्णतेवर तासन्‌तास शेकतात, मग ती एकदा सुरळीत वाजते, तेवढ्यात उतरवून घ्यायची. बरं, टेप सापडली म्हणजे झालं असंही नाही. जुन्या मुद्रणात ट्रॅक कमी पडले की दोन-तीन वाद्यं एकाच ट्रॅकवर एकत्र उतरवत. अशा ठिकाणी गिटार बंद केली की तिच्यासोबत दुसरंही वाद्य जातं, आणि ते खेळणाऱ्याच्या लगेच कानांवर येतं.

कधी टेप सापडतच नसे. २००७च्या ‘गिटार हीरो ३’साठी सेक्स पिस्टल्सचं १९७६चं ‘अ‍ॅनार्की इन द यूके’ हवं होतं आणि त्याच्या मूळ बहुट्रॅक टेपा मिळाल्या नाहीत. तेव्हा जॉन लायडन आणि स्टीव्ह जोन्स पुन्हा स्टुडिओत गेले, मूळ मुद्रणाचे निर्माते ख्रिस टॉमस यांनाच सोबत घेऊन, आणि तीस वर्षांनी तेच गाणं परत मुद्रित केलं. व्यवस्था उलथवून टाकायची भाषा करणारे हे गृहस्थ पन्नाशी ओलांडल्यावर एका व्हिडिओ गेमसाठी आपलीच हुबेहूब नक्कल करत होते! हसू येतं, पण नव्या पिढीतल्या अनेकांनी ते गाणं पहिल्यांदा ऐकलं ते या दुसऱ्या मुद्रणात.

सर्वांत अवघड प्रकरण बीटल्सचं. २००६मध्ये एमटीव्हीने हार्मोनिक्स विकत घेतली, ‘गिटार हीरो’ हे नाव अ‍ॅक्टिव्हिजनकडे गेलं आणि हार्मोनिक्सने २००७च्या अखेरीस ‘रॉक बँड’ काढला: गिटार, बास, ड्रम आणि माइक, चौघांनी मिळून खेळायचा. त्याच धर्तीवर ‘द बीटल्स: रॉक बँड’ ९ सप्टेंबर २००९ला आला, बीटल्सच्या सुधारित सीड्या बाजारात आल्या त्याच दिवशी. गाणी ४५. पण १९६३पर्यंत बीटल्सची गाणी अ‍ॅबी रोडवर दोनच ट्रॅकवर मुद्रित होत: एकावर ढोबळमानाने सगळी वाद्यं, दुसऱ्यावर आवाज. मग गिटार एकटी गप्प कशी करायची? निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांच्याकडे हे काम होतं. त्यांनी आणि अ‍ॅबी रोडच्या तंत्रज्ञांनी पोलिसी तपासात अस्पष्ट मुद्रणं साफ करायला वापरतात तशा सॉफ्टवेअरने कंपनसंख्येच्या पट्ट्या गाळून एकेक वाद्य सुटं केलं. पूर्ण सुटं नव्हेच. गिटारच्या ट्रॅकवर झांजेची कुजबुज राहतेच. पण खेळात ती बाकीच्या आवाजात बुडून जाते, आणि तेवढंच पुरेसं होतं. बीटल्सची गाणी आयट्यून्सवर यायला तेव्हा अजून चौदा महिने होते. विकत घेऊन डाउनलोड करता न येणारा बँड मुलांच्या हातांत आधी प्लास्टिकच्या गिटारीवरून पोहोचला.

या सगळ्याचा परिणाम किती झाला? इथे जरा सावध राहायला हवं. २००७च्या डिसेंबरअखेरच्या आठवड्यात ड्रॅगनफोर्स या बँडच्या गाण्याचे डाउनलोड एरवीच्या दहा हजारांच्या आतून ३७ हजारांच्या वर गेले. ‘गिटार हीरो ३’मधलं ते सर्वांत अवघड गाणं. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण नाताळनंतरच्या त्या आठवड्यात अमेरिकेत सगळ्याच गाण्यांची विक्री फुगते, कारण भेट मिळालेले आयपॉड आणि आयट्यून्सची कार्डं तेव्हाच उघडली जातात. शिवाय हे गाणं २००६चं, जुनं मुळीच नाही. म्हणून नुसती वाढ बघून चालत नाही. त्याच बँडची खेळात नसलेली गाणी त्याच आठवड्यात किती चढली, हे शेजारी ठेवून बघावं लागतं.

मला त्याहून खात्रीचा पुरावा नव्याने वाजवलेल्या गाण्यांचा वाटतो. खेळात वाजतंय ते मार्कस हेंडरसनचं, ते सुटं विकत मिळत नव्हतं. तरीही खेळामागोमाग मूळ बँडचं गाणं खपतं, याचा अर्थ मुलाने नाव लक्षात ठेवलं, शोधलं आणि ९९ सेंट मोजले. २००३मध्ये आयट्यून्सचं दुकान उघडलं नसतं तर त्या मुलाला एका गाण्यासाठी अख्खी सीडी घ्यावी लागली असती आणि बहुधा ती त्याने घेतली नसती. दुसरा पुरावा ‘रॉक बँड’च्या दुकानातला. तिथे वाजवण्याजोगं एक गाणं साधारण दोन डॉलरला मिळे, म्हणजे नुसत्या ऐकण्याच्या गाण्याच्या दुप्पट दराला, आणि दर आठवड्याला नवी भर पडे. संगीत फुकट ढापायच्या त्या काळात मुलं तीस वर्षांपूर्वीच्या गाण्याला दुप्पट भाव देत होती.

पैसा दिसला की भांडण आलंच. जून २००८मध्ये ‘गिटार हीरो: एरोस्मिथ’ आला. एरोस्मिथला त्यांच्या कुठल्याही अल्बमपेक्षा या खेळाने जास्त मिळवून दिलं, असा दावा अ‍ॅक्टिव्हिजनचे प्रमुख बॉबी कोटिक यांनी केला. त्याच सुमारास वॉर्नर म्युझिकचे प्रमुख एडगर ब्रॉन्फमन यांनी तक्रार केली की ज्या गाण्यांवर हे खेळ उभे आहेत त्यांना मिळणारा वाटा फार तुटपुंजा आहे. कोटिक यांचं उत्तर असं की गाण्यांची एवढी जाहिरात होते, तर पैसे खरं म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांनीच आम्हाला द्यायला हवेत. दोघेही आपापल्या जागी अर्धे बरोबर होते. मात्र यात एक सूक्ष्म अन्याय होता, त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही: नव्याने वाजवलेल्या गाण्यांत पैसा रचनाकाराला मिळे, पण ज्या वादकाने तो रिफ अमर केला आणि ज्याचं नाव रचनाकारांत नव्हतं, त्याला खेळातून काहीच मिळत नसे. ‘स्मोक ऑन द वॉटर’चं श्रेय डीप पर्पलच्या पाचही जणांच्या नावावर आहे म्हणून ते वाचले. सगळे बँड एवढे शहाणे नव्हते.

काहींनी दारच उघडलं नाही. लेड झेपलिन यांतल्या कुठल्याच खेळात आले नाहीत. मूळ टेपा परक्याच्या हाती देऊन वाद्यं सुटी करू द्यायची, हा विचारच त्यांना रुचला नाही असं म्हणतात. त्यांचा हट्ट मला पटतो, पण त्याची किंमतही दिसते: त्या चार-पाच वर्षांत ज्या मुलांचं जुन्या रॉकशी नातं जुळलं, त्यांच्या यादीत फॉगहॅट आणि कॅन्सस आहेत, झेपलिन नाहीत. फॉगहॅटचं १९७५चं ‘स्लो राइड’ हे ‘गिटार हीरो ३’मधलं अगदी पहिलं गाणं होतं. खेळ विकत घेणाऱ्या प्रत्येकाने ते वाजवलंच, आवडो न आवडो. कुठलं गाणं नव्या पिढीपर्यंत गेलं याचा निर्णय अनेकदा असा झाला: गाण्याच्या थोरवीवर नव्हे, तर त्यातली गिटार नवशिक्याच्या तीन बोटांना झेपते की नाही यावर. पियानोवर उभी असलेली किंवा हळुवार गाणी मागे राहिली, कारण त्यांत बोटांना काही कामच नव्हतं.

धंदा बुडाला तो लोभाने. २००९ या एका वर्षात अ‍ॅक्टिव्हिजनने ‘गिटार हीरो’ मालिकेचे इतके खेळ काढले की दुकानदारांकडे खोक्यांचे ढीग पडले. आणि ज्याच्या घरात आधीच दोन गिटारी आहेत तो तिसरी कशाला घेणार? फेब्रुवारी २०११मध्ये कंपनीने ती शाखा बंद केली. हार्मोनिक्सने ‘रॉक बँड’ मधे थांबत थांबत चालवला आणि त्यातली नवी गाणी जानेवारी २०२४मध्ये थांबली.

खेळणारे थांबले नाहीत. ‘क्लोन हीरो’ हा चाहत्यांनी केलेला फुकट खेळ आज संगणकावर चालतो आणि त्यासाठी जुन्या प्लास्टिकच्या गिटारी लोक अडगळीतून, सेकंडहँड बाजारातून शोधून आणतात. त्यात गाणी बसवायची ती स्वतः: हार्मोनिक्सची माणसं करत तेच काम, चढाला केशरीकडे, उताराला हिरव्याकडे, आता एखादा कॉलेजचा मुलगा रात्री जागून करतो. जुन्या अधिकृत खेळांच्या तबकड्यांतली गाणी सुट्या ट्रॅकसकट काढून लोकांनी जपून ठेवलीत. पण ज्या बँडने टेपा कधी दिल्याच नाहीत त्यांचं गाणं बसवायचं, तर त्या मुलाकडे असते फक्त साधी, सगळं कालवलेली फाइल. ठिपके बरोबर येतात, बोटं बरोबर पडतात, गुणही मोजले जातात. फक्त चुकलं तर गिटार गप्प होत नाही, ती आपली वाजतच राहते.